पोतं उचललं आणि गाठ आली: ओझ्याचं काम आणि मूळव्याध

प्रश्न: माझं वय ३५. पाच वर्षं बांधकामावर बिगारी काम करतो, सिमेंटची पोती वर चढवायची. गेल्या रविवारी स्लॅबच्या आधी चाळीसेक पोती दुसऱ्या मजल्यावर नेली. एक पोतं जमिनीवरून उचलताना खाली कळ गेली आणि संध्याकाळी संडासच्या जागेला वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली. बसता येत नव्हतं. आज पाचवा दिवस आहे, दुखणं थोडं कमी वाटतंय. गाठीतून रक्त नाही, पण गेल्या वर्षभरात अधूनमधून संडासला रक्त पडायचं, दुखायचं मात्र नाही. मुकादम म्हणतो, ओझ्याने मूळव्याध झाली, आता हे काम तुला जमणार नाही. गावात एक जण इंजेक्शन देऊन गाठ गाळतो. काम सोडावं का? ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर:

काम सोडायची गरज नाही, आणि ते इंजेक्शन अजिबात घेऊ नका. तुम्ही जे सांगितलंय त्यावरून या गाठीला बहुधा ऑपरेशनही लागणार नाही. तरी सर्जनला एकदा दाखवायचंच आहे, आणि ते या गाठीपेक्षा वर्षभर पडणाऱ्या रक्तासाठी. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मुकादमाने त्या एकच समजल्या, म्हणून आधी त्या सुट्या करून सांगतो.

मी तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं सर्जन आहे. जवळच बाजार समिती आहे, वीटभट्ट्या आहेत, थंडीत ऊसतोडीच्या टोळ्या येतात. ओझी वाहणारी माणसं माझ्याकडे रोज असतात, आणि तुमच्यासारखी गाठ घेऊन, एका कुशीवर कलून बसलेला माणूस महिन्यातून दोन-तीन वेळा तरी दिसतोच.

पहिली गोष्ट ही गाठ. गुदद्वाराच्या कडेला, बाहेरच्या कातडीखाली बारीक शिरांचं जाळं असतं. पोटातून एकदम जोर खाली आला की त्यातल्या एखाद्या शिरेत रक्त साकळतं आणि कातडीखाली गुठळी तयार होते. बघितलं तर ती जांभळट निळी दिसते, करवंदासारखी. तिथल्या कातडीला बोटाच्या टोकाइतकीच तीव्र जाणीव असते, म्हणून एवढीशी गाठ माणसाला रडवते. पहिले दोन दिवस दुखणं चढत जातं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागतं आणि आठ-दहा दिवसांत माणूस नीट बसू शकतो. तुमचा पाचवा दिवस आहे आणि दुखणं कमी होतंय, म्हणजे गाडी सरळ मार्गावर आहे. पहिल्या बहात्तर तासांत कोणी कळवळत आला तर आम्ही ती जागा बधिर करून गुठळी शिरेसकट काढून टाकतो आणि त्याला त्याच दिवशी बरं वाटतं. पण एकदा उतार लागल्यावर कापलं, तर गाठीपेक्षा जखमेचं दुखणं जास्त दिवस सोसावं लागतं. तुमची ती वेळ गेली आहे, आणि त्याने काही बिघडलेलं नाही. गाठ दोन ते चार आठवड्यांत विरेल. तिच्या जागी कातडीची छोटी ढिली घडी कायमची राहू शकते, तिला घाबरू नका.

कधी गाठ आपोआप फुटते आणि काळपट रक्ताची गुठळी बाहेर येते. तेव्हा स्वच्छ कापडाची घडी दाबून दहा-पंधरा मिनिटं आडवं पडायचं. बहुतेक वेळा रक्त थांबतं आणि ठणकाही त्याच क्षणी उतरतो. तसं दाबूनही थांबलं नाही तर मात्र दवाखाना गाठा.

तोवर दिवसातून दोन-तीन वेळा, आणि संडासला जाऊन आल्यावर तर नक्कीच, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसा. प्लास्टिकचा टब दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतो. साइटवरचं घमेलं त्यासाठी घेऊ नका. ते कितीही घासलं तरी कडेला सिमेंट राहतं आणि ओल्या सिमेंटने नाजूक कातडी भाजते. असा भाजलेला माणूस मी पाहिला आहे. पाण्यात मीठ, तुरटी, डेटॉल काहीही नको. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल चालेल. औषधाच्या दुकानातून ‘स्ट्राँग गोळी द्या’ म्हणून ट्रॅमाडॉलची गोळी आणू नका, तिने संडास घट्ट होते आणि नेमकं तेच आत्ता परवडणारं नाही. आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी रोज वाढत गेलं, जागा गरम लागली, ठणके मारू लागले, ताप आला, तर ती गुठळी नाही, गळू आहे. गळू थांबून बरं होत नाही, त्याचा पू काढावाच लागतो, त्याच दिवशी.

आता दुसरी गोष्ट, वर्षभर न दुखता पडणारं रक्त. खरी मूळव्याध ती, आणि ती आत आहे. गुदमार्गात थोडं वर, आपल्या प्रत्येकाला रक्ताने भरलेल्या मऊ गाद्या असतात, साधारण तीन ठिकाणी. वारा आणि पातळ शौच अडवून धरायला त्या लागतात. म्हणजे मूळव्याध हा बाहेरून आलेला रोग नाही, असलेल्या गाद्या सैल होऊन खाली घसरतात आणि फुगतात, त्याला आपण कोंब म्हणतो. आतल्या अस्तराला दुखण्याची जाणीव नसते, म्हणून रक्त पडतं, अगदी लालभडक, कधी पिचकारीसारखं, पण दुखत नाही.

मग ओझ्याने मूळव्याध होते का? मुकादम म्हणतो तसं सरळ गणित नाही. तसं असतं तर आमच्या बाजार समितीतले सगळे हमाल मूळव्याधीने आजारी असते आणि दुकानात गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला ती कधी झालीच नसती. माझ्याकडे दोघंही येतात. अभ्यासांतही ओझ्याचा दोष शौचाच्या वेळी कुंथण्याइतका पक्का ठरलेला नाही. गाद्यांना धरून ठेवणारे धागे सैल करण्याचं काम रोज सकाळी घट्ट शौचावर कुंथण्याने होतं, वर्षानुवर्षं. आधीच सैल झालेली गादी एका दिवसात खाली ढकलण्याचं, किंवा कडेच्या शिरेत गुठळी करण्याचं काम ओझं करतं. तुमचं पोतं शेवटची काडी ठरलं. पण ओझ्यातही वजनापेक्षा श्वासाचा वाटा मोठा असतो, आणि हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

माझ्या ओपीडीच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार असतो. ओझ्याचं काम करणाऱ्या पेशंटला मी तो उचलून टेबलावर ठेवायला सांगतो. बहुतेक जण काय करतात? उकिडवे बसतात, छाती भरून श्वास घेतात, ओठ आवळतात आणि श्वास कोंडून उठतात. मानेची शीर करंगळीएवढी फुगते, चेहरा लाल होतो. मी विचारतो, ‘संडासला जोर करताना याहून वेगळं काय करता?’ काहीच वेगळं नाही. तीच बैठक, तोच कोंडलेला श्वास, तोच खाली ढकलणारा जोर. श्वास कोंडला की छातीचा पडदा खाली दाबला जातो, पोट आवळलं जातं आणि सगळा दाब ओटीपोटाच्या तळाशी जातो. गुदाशयातलं रक्त यकृताकडे वर नेणाऱ्या शिरांना उलटं वाहू न देणाऱ्या झडपा नसतात, त्यामुळे तो दाब थेट गाद्यांपर्यंत पोचतो आणि त्या फुगतात. क्षणभर फुगून ओसरल्या तर काही होत नाही. पण तुमच्यासारखं पन्नास किलोचं पोतं घेऊन दोन जिने श्वास अर्धवट कोंडून चढायचं, तेही दिवसात चाळीस वेळा, तर त्यांना ओसरायला वेळच मिळत नाही.

जुने हमाल जड नग उचलताना ओरडत. ‘हैऽऽशा’ म्हटलं की त्या ‘शा’वर नग वर गेलेला असे. लोकांना वाटतं, ती आरोळी सगळ्यांचा जोर एका वेळी लागावा म्हणून. तेही खरं, पण ओरडायचं तर गळा उघडावा लागतो, श्वास बाहेर सोडावा लागतो, आणि कोंडलेला दाब तिथेच मोकळा होतो. मी पेशंटला दुसऱ्यांदा जार उचलायला लावतो, उठताना तोंडाने ‘हूऽऽ’ करत. मानेची शीर तेवढी फुगत नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोलाही दिसतं. अगदी जड नग जमिनीवरून सुटताना क्षणभर श्वास धरला जाणारच, कमरेला आधार म्हणून शरीर ते आपोआप करतं. त्या क्षणाबद्दल माझी तक्रार नाही. नग हलला की श्वास सोडायचा आणि चालताना, जिना चढताना तो चालू ठेवायचा. ओझं घेऊन चढताना चार शब्द बोलता येत नसतील तर तुम्ही श्वास कोंडताय, ही सोपी खूण.

आणि पोतं जमिनीवरून एकट्याने उचलायचं नाही. बाजार समितीत बघा, दोघं जण गोणी धरून तिसऱ्याच्या पाठीवर देतात. उचलणाऱ्याला खाली बसावंच लागत नाही. बांधकामावर मात्र पोती खाली उतरवून ठेवतात आणि प्रत्येक जण आपापलं उचलतो. तुम्हाला कळ गेली ती तिथेच. पोती थरावर थर रचून, कमरेच्या उंचीला उतरवून घेतली तर पाठीवर घेताना बराच जोर वाचतो. ठेकेदाराला यात एक रुपयाचा खर्च नाही, फक्त ट्रक उतरवतानाच सांगावं लागतं.

एका हमालाची गोष्ट सांगतो, म्हणजे बाकीचं नीट कळेल. वय चव्वेचाळीस, कांद्याच्या पन्नास किलोच्या गोण्या भरायचं काम. थकवा येतो म्हणून आला होता. मूळव्याधीचं त्याने स्वतःहून काढलंही नाही. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.८. खोदून विचारल्यावर म्हणाला, दोन वर्षांपासून रक्त जातंय, गोणी उचलली की कोंब बाहेर येतो, पूर्वी आपोआप आत जायचा, आता बोटाने सारावा लागतो. कामावर आडोशाला जाऊन सारून यायचा आणि पुढची गोणी घ्यायचा. कोंब आपोआप आत जातो तोवर दुसरी पायरी, बोटाने सारावा लागला की तिसरी, जातच नाही ती चौथी.

मी त्याला त्याचा दिवस घड्याळासकट सांगायला लावला. पहाटे चारला उठून कोरा चहा, पाचला यार्डात, पहिली गाडी. सातच्या सुमारास संडासची कळ यायची. पण गाडी अर्धी भरलेली असायची, मध्ये टोळी सोडली तर बाकीचे कुरकुरायचे. कळ दाबायचा. शौच गुदाशयात थांबलं की कळ मरते आणि शरीर त्यातलं पाणी शोषत राहतं. अकराला मोकळा होऊन जायचा तोवर खडा झालेला असायचा, मग वीस मिनिटं कुंथणं. लघवीला जावं लागू नये म्हणून दुपारपर्यंत दोन पेले पाणी. नाश्त्याला वडापाव, दुपारी भात. ओझं तर तो वीस वर्षं वाहत होता. कोंब खाली यायला लागला तो या दिनक्रमानंतर.

त्याच्या उपचारात ओझ्याचा नंबर शेवटी लागला. इतकं रक्त कमी असताना सगळं खापर मूळव्याधीवर फोडून चालत नाही, म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात पाठवून मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेतली. ती चांगली निघाली. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी शौच काळं आणि कधी घट्ट होतं, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर पेशंट घाबरून त्या बंद करतात. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून. पाणी कमी घेतलं तर इसबगोल आतच लगद्यासारखा घट्ट बसतो, त्यामुळे एक पूर्ण पेला सोबत आणि वर एक. वडापाव आणि भात सोडून दोन ज्वारीच्या भाकरी आणि पालेभाजी. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम चोथा असतो, पांढऱ्या तांदळात त्याच्या एक तृतीयांशही नाही. ठेच्याने मूळव्याध होते असं आपल्याकडे पक्कं मानतात, ते काही खरं नाही. चीर पडली असेल तर ठेचा झोंबतो, एवढंच. त्याचा ठेचा मी बंद केला नाही.

मग कोंबांना रबर बँड लावले, चार आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा. आतल्या कोंबाच्या मुळाशी बारीक रबराची कडी बसवायची, रक्तपुरवठा तुटून कोंब सुकतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात कडीसकट गळतो. भूल लागत नाही, माणूस चालत घरी जातो. ओझ्याचं काम करणाऱ्यांना मी यात एक गोष्ट दोनदा बजावतो: दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून लगेच गोणी उचलायची नाही. कडी गळते त्या वेळी, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, आत छोटी जखम उघडी पडते आणि नेमका तेव्हा जोर केला तर रक्त वाहू शकतं. मुकादमाशी बोलून त्याला दहा दिवस गोण्या शिवायचं आणि वजनकाट्यावरचं काम मिळालं. कोंब चौथ्या पायरीवर असता तर ऑपरेशन लागलं असतं आणि दीड महिना तरी जड काम बंद राहिलं असतं. रक्त अंगावर काढू नका असं मी म्हणतो ते यासाठी. दहा दिवसांची मजुरी आणि दीड महिन्याची मजुरी यात पोट हातावर असणाऱ्यासाठी फार मोठा फरक आहे. तीन महिन्यांनी त्याचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर होतं. तो अजून त्याच टोळीत गोण्या भरतो. गेल्या चैत्रात उन्हाच्या तडाख्यात पाणी कमी पडलं आणि चार दिवस पुन्हा थोडं रक्त दिसलं, पाणी वाढवल्यावर थांबलं.

पाण्याचं तुम्हालाही तेवढंच लागू आहे. उन्हात जड काम करताना तासाला जवळजवळ लिटरभर घाम जाऊ शकतो. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. पुरेसं होतंय का हे लघवीच्या रंगावर कळतं, फिकट असावी. दुपारी गडद चहासारखी दिसली तर उद्या सकाळी खडा होणार हे आजच समजा. साइटवर संडासची सोय नाही म्हणून पाणी टाळणाऱ्यांत बायका जास्त. विटा वाहणाऱ्या, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका दिवसभर जवळजवळ कोरड्या राहतात, त्यातल्या काहींना बाळंतपणातली मूळव्याध आधीच असते. पुरुष निदान शेताकडे जातो. बांधकामावर प्यायचं पाणी आणि संडास देणं ही मालकाची जबाबदारी आहे, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातही ते लिहिलं होतं. मागायला संकोच करू नका.

सकाळी कामावर निघण्याआधी अर्धा तास लवकर उठा, गरम चहा किंवा पाणी आणि सोबत भाकरीचा तुकडा खा. पोटात काही गेलं की आतडं हलतं, कळ येते. आली की लगेच जा, पाच मिनिटांत उठा. मोबाईल नेऊ नका. नाही झालं तर नाही, पुन्हा कळ आली की जा, पण बसून जोर काढू नका.

त्या इंजेक्शनवाल्याबद्दल. आम्हीही इंजेक्शन देतो, पण आतल्या लहान कोंबाच्या मुळाशी, जिथे दुखण्याची जाणीव नसते तिथे, मोजून. बाहेरच्या गुठळीत इंजेक्शन देणं हा कुठलाच उपचार नाही. हे लोक त्यात काय भरतात ते सांगत नाहीत. ती टोचून घेतल्यावर कातडी सडून आलेले, आणि पुढे गुदद्वार आक्रसून बोटही जाणार नाही अशी अवस्था झालेले पेशंट मी सांभाळले आहेत. आयुर्वेदाचे शल्यतज्ज्ञ भगंदराला क्षारसूत्र बांधतात, तो शिकून केलेला उपचार आहे, त्याबद्दल मी बोलत नाहीये. पाटी लावून, नाव-पदवी न सांगता ‘एका दिवसात मूळव्याध साफ’ करणाऱ्यांबद्दल बोलतोय.

तर येत्या आठवड्यात, दुखणं बसण्याइतकं कमी झालं की, उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सर्जनकडे जा. बोटाने आणि छोट्या नळीने आतून तपासतील, दोन मिनिटं लागतात. हिमोग्लोबिन करून घ्या. रक्त काळपट आहे का, शौचात मिसळून येतं का, शेम पडते का, वजन घटलंय का, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं सारखं वाटतं का, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हे त्यांना नीट सांगा. यातलं काही असेल तर वय पस्तीस असलं तरी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ओझ्याचं काम आहे म्हणजे मूळव्याधच असणार असं धरून चालल्यामुळे उशीर झालेले पेशंट मी पाहिले आहेत. जांघेत खोकताना फुगवटा येत असेल तर तोही दाखवा, पोती उचलणाऱ्यात हर्निया आणि मूळव्याध सोबत सापडतात आणि मूळव्याधीवर उपचार करून हर्निया बरा होत नाही.

कामावर तुम्ही दुखणं थांबल्यावर जाऊ शकता, साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी. पहिले दोन आठवडे पोती घेऊ नका, मिक्सरवर किंवा अर्ध्या घमेल्याच्या साखळीत उभे राहा. आत कोंब निघाले आणि बँड लावायचे ठरले तर पुढचा स्लॅब कधी आहे ते डॉक्टरांना आधी सांगा आणि त्यानंतरची तारीख घ्या, म्हणजे कडी गळायचे दिवस मोकळे मिळतील.